नानाकाकांचं औषधी पंचांग

साताऱ्याच्या नानाकाकांच्या भिंतीवरचं कालनिर्णय आमच्यासारख्यांना वाचता येत नाही. एकादशी, संकष्टी, गॅस सिलिंडर हे सगळं त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात ढकललंय आणि चौकटीत तांबड्या शाईने लिहिलंय 'शु. आणणे', 'बी.पी. आणणे'. पाहुणा आला की चहाआधी त्याला भिंतीसमोर उभं करतात. "औषध संपल्याची तारीख कुणीही लिहील," काका म्हणतात, "मी आणायची तारीख लिहितो. संपायच्या सात दिवस आधीची."

मुळात भानगड पट्ट्यांची आहे. काकांची शुगरची गोळी १०च्या पट्टीत येते आणि दिवसाला दोन लागतात. बीपीची १५च्या पट्टीत, रक्त पातळ राहण्याची १४च्या, आणि या दोन्ही रोज एकेक. तिघी एका दिवशी आणल्या तरी एका दिवशी संपत नाहीत. काकूंच्या मते घरातली माणसंही एका वेळी जेवायला बसत नाहीत, तिथे गोळ्यांचं काय घेऊन बसलात.

काकांनी तरी तोड काढली. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, सगळा साठा चटईवर मांडून मोजायचा. २०२५च्या दिवाळीला भाऊबीजेसाठी सांगलीला आत्याकडे जायचं होतं. १८ ऑक्टोबरला निघून २६ला परत. १ तारखेला शुगरच्या ३८ गोळ्या निघाल्या, म्हणजे १९ला खलास. बीपीच्या २२, म्हणजे बरोबर पाडव्याला शेवटची. तिसरीच्या २५, म्हणजे परतायच्या आदल्या दिवशी शेवटची. सणात मेडिकलवाला सापडेल, न सापडेल, म्हणून काकांनी परतल्यावरचे सात दिवस धरले आणि २ नोव्हेंबरपर्यंतचे ३३ दिवस मांडले. शुगरला ६६ हव्यात, २८ कमी, तीन पट्ट्या. बीपीला ११ कमी, एक पट्टी. तिसरीला आठ कमी, एक पट्टी. पाच पट्ट्यांचा हा हिशोब त्यांनी जमाखर्चाच्या वहीत पानभर मांडला होता, खाली सहीसकट.

मेडिकलवाल्याशी त्यांचं एकच भांडण. सुट्या गोळ्या घ्यायची वेळ आली, की तो कात्री चालवतो आणि बॅच नंबर, मुदतीची तारीख छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. "तारीख माझ्याकडे द्या, बिनतारखेच्या गोळ्या तुम्ही ठेवा," असं काका दुकानभर ऐकवतात. तो बिचारा म्हणतो, "नाना, मग मी त्या पुढच्याला कशा विकू?" दोघांचंही बरोबर आहे, म्हणून काका हल्ली पूर्ण पट्टीच घेतात.

प्रवासातली दुसरी अडचण ब्रँडची. साताऱ्यात मिळणारी गोळी सांगलीच्या दुकानात त्याच नावाने असेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्सवर काकांनी प्रत्येक गोळीतल्या औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, आणि साधी की हळूहळू विरघळणारी, हे डॉक्टरांकडूनच लिहून घेतलंय. एक झेरॉक्स आणि चार दिवसांच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत, बाकीचं बॅगेत. बॅग हरवली तर माणूस तरी चालू राहावा, हा विचार.

आत्या या सगळ्याला हसायची. पण सांगलीत राहून कृष्णेला हसता येत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. पेठांमधली दुकानं बुडाली, रस्ते बंद झाले आणि औषध मिळणं तर सोडाच, दुकानापर्यंत पोचणंही अवघड झालं. तेव्हापासून कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की काका आत्याला फोन करतात. घर किती फुटांवर आहे हे विचारत नाहीत, गोळ्या किती दिवसांच्या आहेत ते विचारतात. जुलै लागायच्या आत पंधरा दिवसांचा जादा साठा घरात हवा, हा नियम आता आत्याच इतरांना सांगते.

या मोजणीचा एक उपद्रव काकांना अपेक्षित नव्हता. एका १ तारखेला बीपीच्या गोळ्या हिशोबापेक्षा चार जास्त भरल्या. काका आधी खूश झाले, काकूंनी विचारलं, "म्हणजे चार दिवस घेतलीच नाही ना?" शिल्लक वाढली तर चुकलेली, घटली तर दोनदा घेतलेली, हे त्या दिवसापासून काकू मोजतात आणि काका गप्प बसतात.

डोस बदलला, की मात्र सगळं पंचांग खोटं ठरतं. मग काका पुढच्या सगळ्या तांबड्या नोंदी खोडून पुन्हा मोजायला बसतात. तुम्हीही तेच करा. आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन शिल्लक जुळवायला जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. हिशोब चुकला तर चुकू द्या.