पंधरा सेकंदांची हुशारी

चष्म्याने डोळ्यांचा नंबर उतरो न उतरो, बुद्ध्यांक मात्र चढतो. आर्गाइल आणि मॅकहेन्री या संशोधकांनी १९७१ साली हे तपासून पाहिलं. तीच माणसं कधी चष्म्यासह, कधी चष्म्याविना दाखवली आणि पाहणाऱ्यांना त्यांची बुद्धी जोखायला सांगितलं. केवळ पंधरा सेकंद दिसलेल्या चष्मेवाल्याला सुमारे डझनभर गुण जास्त पडले. बिचाऱ्याने दरम्यान एक पानही वाचलेलं नव्हतं.

गंमत पुढे आहे. तोच माणूस पाच मिनिटं बोलताना दाखवला, तेव्हा हा सगळा बोनस गायब! म्हणजे चष्म्याची पुण्याई तोंड उघडेपर्यंतच.

आता चौकातला फ्लेक्स आठवा. सिग्नल सुटायच्या आत वाचून होतो, पाच मिनिटं काही तो बोलत नाही. म्हणून भाऊंच्या नाकावर विचारवंती फ्रेम असते. वजन यावं म्हणून दाढी. दाढीने माणूस वयस्कर आणि जरबेचा वाटतो, हेही अभ्यासांत अनेकदा दिसलंय. फार जरब नको म्हणून वर हसू, मायाळू. चेहरा नव्हे, सर्वपक्षीय समितीच ती! लग्नाच्या बायोडाटातले फोटो याच शाळेचे.

तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनो, मतदारांनो आणि वधूपित्यांनो, एवढं करा: समोरच्याला पाच मिनिटं बोलू द्या. मध्ये तोंड घालू नका.