गोव्याचं हुकमी पान

विधी महाविद्यालयात समान नागरी कायद्यावर वादविवाद लागला की पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी गोव्याचं पान टाकतोच. टाळ्या पडतात. कारण पान खरंच हुकमी आहे: 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथं 1961 नंतरही टिकली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे मालक होतात, मग ते हिंदू असोत, ख्रिस्ती की मुसलमान. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोव्याची तारीफ केली. बाजूने बोलणाऱ्याला आणखी काय हवं?

हवं ते हे, की विरोधकाने 1880 चा हुकूमनामा वाचलेला नसावा. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी जपणाऱ्या त्या हुकूमनाम्यात काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा आहे. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, अशा त्या अटी. 'आदर्श समान कायदा' म्हणून मिरवलेल्या व्यवस्थेत हे निघालं की सभागृह हसतं आणि आपला वक्ता पाणी पितो.

'हे आता कुणी वापरत नाही' हे उत्तर लंगडं. पुस्तकात आहे ना, मग समान कसा? चांगलं उत्तर कबुलीने सुरू होतं: हो, अपवाद आहे आणि तो काढायलाच हवा, पण बायकोच्या निम्म्या वाट्याने कुणाचा धर्म बुडाला, ते दाखवा. आता चेंडू पलीकडे.

पलीकडच्यानेही संस्कृती-संस्कृती करत बसू नये. त्याचा खरा मुद्दा असा, की समानतेला एकच कायदा लागत नाही, प्रत्येक कायदा आपापल्या जागी सुधारता येतो. पुरावा घरचाच आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये.

यावरचा टोला त्याच तारखांत दडलेला आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा. म्हणजे एका समाजाच्या एका दुरुस्तीला 49 वर्षं. बाकीच्यांच्या लेकींनी किती थांबायचं? आणि महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत तर आधी लग्न झालेल्या मुली वगळल्याच होत्या!

विरोधकाकडे अजून एक बाण उरतो: उत्तराखंडच्या 2024 च्या कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. समान म्हणवणाऱ्या कायद्याचा आरंभच वगळण्याने. बाजूवाल्याने इथं आंबेडकरांचं 1948 चं संविधान सभेतलं भाषण काढावं. सुरुवातीला कायदा स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरता ठेवता येईल, ही शक्यता त्यांनी तिथंच मांडली होती. फक्त सावध: तेच भाषण सक्तीच्या विरोधातही वाचता येतं.

तेव्हा तयारी करताना पहिलं भाषण समोरच्याचं लिहा. आणि 'शाहबानो' हा शब्द उच्चारण्याआधी, मेहेरबानी करून, 1985 चा निकाल एकदा तरी उघडा.