उजव्या हाताचं काय करायचं?

सिगारेटचं एक बरं असतं, ती संपते. थोटूक विझवलं की माणूस नाइलाजाने कामाला लागतो. व्हेप संपतच नाही. गाडीत, संडासात, लिफ्टची वाट बघताना एक झुरका मारायचा आणि खिशात टाकायचा. राख नाही, काडेपेटी नाही. हापूसचा वास येतो, पण त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. त्यामुळे ‘दिवसाला किती?’ असं कुणी विचारलं की मी ‘अधूनमधून’ म्हणायचो. खरं तर अधूनमधून मी थांबायचो.

एप्रिल २०१९ मध्ये अमिरातीत व्हेपची विक्री कायदेशीर झाली आणि त्याच सप्टेंबरात भारताने तिच्यावर बंदी घातली. म्हणजे इकडे मी राजरोस ओढायला लागलो आणि तिकडे माझ्या सुट्ट्यांची वाट लागली. गेल्या सुट्टीत सांगलीला मी दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर, पंख्यावर, पोह्यांवर चिडायला लागलो. सासूबाईंनी जावयाला बाधा झाली म्हणून मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मोहरी तडतडली नाही, मीच तडतडलो. शारजाला परतल्यावर बायको म्हणाली, “अहो, आता सोडा. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला इथेच ठेवून जाईन.”

मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेयर. इमारतीत किती विटा लागतील ते सांगून पोट भरतो, तेव्हा निकोटिन किती लागेल हेही मोजून काढायचं ठरवलं. बाटलीवर लिहिलं होतं, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. दिवसाला साधारण २ मिलिलिटर, म्हणजे ४०. पॅच मिळतो २१ मिलिग्रॅमचा. म्हणजे दोन पॅच, वर थोडी बचतच. कागदावर हा हिशेब लिहून मी अल नाहदातल्या फार्मसीत गेलो.

काउंटरवरच्या मल्याळी फार्मासिस्टने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. “सर, बाटलीतलं सगळं रक्तात जात नाही. किती जातं ते यंत्रावर आणि तुमच्या ओढण्यावर. सकाळी उठल्यावर पहिला झुरका कधी?”

“डोळे उघडण्याआधी,” मी म्हणालो.

तिचं अंदाजपत्रक तिथेच पूर्ण झालं. पॅचच्या खोक्यावरचा सगळा हिशेब सिगारेटींचा असतो: रोज १० पेक्षा जास्त असतील तर २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, सहा आठवडे, मग १४चा दोन आठवडे, मग ७चा दोन आठवडे. व्हेपवाल्यांसाठी असा तयार तक्ता नाही. म्हणून उठल्यापासून अर्ध्या तासात ओढत असाल तर वरच्या मात्रेपासून सुरू करायचं आणि पुढे अंगावर काय उमटतं ते बघायचं. कमी पडलं तर चिडचिड होते, भूक लागते, एका ओळीवर लक्ष टिकत नाही. जास्त झालं तर मळमळतं, गरगरतं, छाती धडधडते.

ही दुसरी यादी मी लवकरच पाठ केली.

पॅच रोज नव्या जागी लावायचा असतो. केस नसलेली, कोरडी जागा, आणि तीच जागा पुन्हा आठवडाभर नाही. माझ्या अंगावर बिनकेसाची जागा शोधणं म्हणजे दुबईत फुकट पार्किंग शोधणं. दंड झाले, मग एका रात्री आंघोळीनंतर बायकोकडून पाठीवर खांद्याच्या खाली लावून घेतला. दुसऱ्या दिवशी ऑगस्टच्या उन्हात गाडीपासून ऑफिसपर्यंत चालत गेलो आणि शर्ट चिंब झाला. घामाने पॅच सुटतात हे आधी एकदा अनुभवलं होतं. तेव्हा तो बाहीत सापडला होता. मी दंड चाचपला, पॅच नाही! पडला असणार म्हणून तत्परतेने बाथरूममध्ये जाऊन नवा चिकटवला. पाठ आठवली नाही. पाठ कोणाला दिसते?

दुपारपर्यंत टेबलावरचे आकडे पोहायला लागले. थंड घाम, मळमळ, कानात ढोल. हार्ट अटॅकच आला अशी खात्री झाली आणि सगळ्यात आधी विम्याचं कार्ड शोधलं. मग बायकोला निरवानिरवीचा फोन केला. तिने शांतपणे विचारलं, “पाठीवरचा काढलात ना?”

दोन्ही काढले. फार्मासिस्टला फोन केला तर ती म्हणाली, नुसत्या पाण्याने जागा धुवा, साबण लावू नका, साबणाने निकोटिन आणखी आत जाऊ शकतं. आणि छातीत दुखलं किंवा वाढतच गेलं तर थेट इस्पितळ गाठा. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं काही तास झिरपत राहतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मी खुर्चीत सोवळ्यात बसल्यासारखा बसून होतो.

रात्रीची वेगळीच तऱ्हा. २४ तासांचा पॅच लावून झोपलं की स्वप्नं रंगीत, लांबलचक आणि नेपथ्यासकट पडतात. शेख झायेद रोडवरून आषाढीची दिंडी चालली आहे आणि सालिकच्या टोलपाशी मी वारकऱ्यांना टाळांचं बिल मागतो आहे, असं एक होतं. ते बायकोला सांगताच तिने झोपण्याआधी पॅच काढायचा वटहुकूम काढला. झोप सुधारली, पण सकाळी रक्त रिकामं आणि नव्या पॅचला जोर धरायला काही तास. ती पोकळी ४ मिलिग्रॅमच्या च्युइंगमने भरायची. ते बबलगमसारखं चघळत राहिलं तर नुसती उचकी लागते. चुणचुण सुरू होईपर्यंत हळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, आंबट पेयाने ते नीट शोषलं जात नाही. आजोबा तंबाखूची चिमूट गालात धरून तासभर बोलायचे नाहीत. ही विद्या घराण्यात होतीच, मी फक्त फार्मसीतून विकत घेतली.

एवढं करून रक्ताचं भागलं. हाताचं काय? पॅच दंडावर इमानेइतबारे काम करतो आणि त्याच दंडाखालचा हात दर दोन मिनिटांनी तोंडाकडे निघतो. त्याला निकोटिन नको असतं, नोकरी हवी असते. कन्सल्टंटसमोर सादरीकरण करताना मी लेझर पॉइंटर ओठात धरला, लांब दम घेतला आणि डोळे मिटून धूर सोडला. धूर आलाच नाही, फक्त समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका नाचत होता. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

मग हात कधी उठतो याची नोंद ठेवली: लॅपटॉप उघडताना, फोनवर बोलताना, आणि इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात जास्त. गाडीत बडीशेपेची डबी ठेवली. मूठभर तोंडात टाकली की खेळ संपतो, म्हणून एकेक दाणा चिमटीत धरून उचलायचा. सहारा सेंटरपासून दुबईच्या हद्दीपर्यंत एक चमचा पुरतो. फोनसाठी स्ट्रॉ अर्धा कापून ठेवला. त्यातून सावकाश हवा ओढायची, थांबायचं, सोडायची. मला त्या लांब श्वासाचीच निम्मी चटक होती, हे तेव्हा कळलं. खजुराचाही प्रयोग केला, पण हाताला काम मिळालं आणि पोटाला बढती.

सध्या ७ मिलिग्रॅमवर आहे. मध्ये १४वर उतरल्यावर पोह्यांशी पुन्हा भांडण झालं, तेव्हा फार्मासिस्टला विचारून आणखी आठवडाभर २१वर परत गेलो होतो. उतरायची इतकी घाई नको, असं तिचं म्हणणं.

तुम्ही सोडणार असाल तर जुना पॅच काढल्याशिवाय नवा लावू नका. काढलेला चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा टाका, कारण त्यात निकोटिन उरलेलं असतं. आणि पाठीवर लावलात तर तसं घरात कुणाला तरी सांगून ठेवा.