वर्तुळात याकही आले

नव्या धंद्यासाठी भांडवल मागायला निघालेल्या माणसाच्या सादरीकरणात एक पान हमखास असतं. त्यावर एकात एक बसलेली तीन वर्तुळं असतात. सगळ्यात मोठं म्हणजे टॅम, अर्थात जगात जेवढी म्हणून बाजारपेठ आहे तेवढी सगळी. त्याच्या पोटात सॅम, म्हणजे आपला माल जिथवर पोचू शकेल तेवढी. आणि सॅमच्या पोटात सॉम, म्हणजे प्रत्यक्षात आपल्या पदरात पडेल तेवढी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आकडा कुठून घेतला ते लिहिलेलं असतं. या बारीक अक्षरांचा दरारा मोठा. ती दिसली की समोरचा माणूस आकड्यावर शंका घेत नाही, आणि आकडा बहुतेक वेळा खराही असतो. तो तिथे काय करतोय, हा प्रश्न मात्र कुणाला सुचत नाही.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीच्या एका हुशार पोराने जनावराच्या गळ्यात बांधायचा पट्टा तयार केला. गाय माजावर आली की तिची चुळबूळ वाढते. पट्ट्यातलं यंत्र ती हालचाल मोजतं आणि मालकाच्या मोबाईलवर निरोप धाडतं. माज साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि काही तासांत सरतो. तो हुकला की रेतन पुढच्या खेपेवर जातं आणि तीन आठवडे गाईला फुकट पोसावं लागतं. वस्तू कामाची आहे, यात वाद नाही. पट्ट्याचं वर्षाचं भाडं दोन हजार रुपये धरू. आता वर्तुळं काढायची. देशाची विसावी पशुगणना 2019 ची. तिच्यात पशुधनाचा आकडा 53.58 कोटी आहे. गुणिले दोन हजार, की झाले 1,07,160 कोटी रुपये. लाख कोटींचं वर्तुळ, तेही सरकारी आकड्यावर उभं! तळाशी ‘विसावी पशुगणना’ असं लिहिलं की अर्धी लढाई जिंकली.

पण त्या 53.58 कोटींत आहे कोण? जवळजवळ पंधरा कोटी शेळ्या आहेत आणि सात कोटींच्या वर मेंढ्या. डुकरं आहेत, राजस्थानातले उंट आहेत, हिमालयातले याक आहेत, शिवाय माज येण्याची सुतराम शक्यता नसलेले बैल आणि रेडे आहेत. दूध देणाऱ्या आणि भाकड गाई-म्हशी मिळून साडेबारा कोटी भरतात. म्हणजे कोडोलीच्या पोराने वर्तुळात घेतलेल्या दर चार जनावरांपैकी तीन जनावरं दुभत्या गाई-म्हशींतली नाहीतच. पशुगणना कुठेही खोटं बोललेली नाही. तिला विचारलं होतं, देशात जनावरं किती? तिने सांगितलं. पट्टा किती गळ्यांना लागेल, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तळाशी लिहिलेला स्रोत आकड्याची हमी देतो, त्या आकड्याचा आपल्या मालाशी काय संबंध याची देत नाही. ती हमी ज्याची त्याने द्यायची असते, आणि नेमकी तीच जागा पानावर कोरी असते.

दुसऱ्या वर्तुळाची गंमत वेगळी. ते बहुतेकदा नकाशा बघून काढलेलं असतं. देश मोठा म्हणून महाराष्ट्र घ्या. महाराष्ट्रात पशुधन सुमारे 3.3 कोटी, म्हणजे 6,600 कोटी रुपये. पण माल पोचणं म्हणजे एसटी पोचणं नव्हे. गाय मोकळी हिंडती-फिरती असली तर हालचाल मोजणाऱ्या पट्ट्याला खरं काम. आपल्याकडे मुक्त गोठे वाढताहेत, पण दोन-तीन जनावरं दावणीलाच असलेली घरं कितीतरी जास्त. दावणीची गाय चुळबूळ करून करून किती करणार? त्यातून कोल्हापूर हा म्हशीचा मुलूख. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, हालचालीत तो ठळक उमटत नाही. म्हणजे पट्टा जिथे कमी चालतो, तोच प्रदेश पहिला ग्राहक म्हणून धरलेला. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी, की दोन म्हशींचा मालक रात्री गोठ्याला लागूनच झोपतो. म्हैस नुसती वेगळी ओरडली तरी त्याला कळतं. त्याला मोबाईलवरच्या निरोपाची गरज काय? खरी गरज त्याला, ज्याच्या मुक्त गोठ्यात पंधरा-वीस गाई आहेत आणि प्रत्येकीकडे बघायला माणूस नाही. तेव्हा सॅम काढायला जिल्ह्याच्या सीमा उपयोगाच्या नाहीत. गोठा मोकळा आहे का, गाई दहाच्या वर आहेत का, लक्ष ठेवायला घरचं माणूस कमी पडतं का, या तीन प्रश्नांनी तो काढायचा.

तिसरं वर्तुळ तर निव्वळ विनयाचं प्रदर्शन. ‘आम्ही फक्त एक टक्का धरलाय,’ असं म्हणताना आवाज असा खाली येतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा किती संयमी! 6,600 कोटींचा एक टक्का म्हणजे 66 कोटी, म्हणजे 3,30,000 पट्टे. एक टक्का हा अंदाज नसतोच. अंदाज करण्याची मेहनत टाळायची ती रीत असते. एक टक्काच का? पाव का नाही? दोन का नाहीत? याला उत्तर नाही, कारण तो कुठल्या मोजणीतून आलेला नाही. लहान दिसतो, म्हणून निवडलेला आहे. भूमितीही इथे खोटी साक्ष देते. वर्तुळाचं क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात ठेवायचं, तर मोठं वर्तुळ वीस सेंटिमीटर रुंद काढल्यावर 66 कोटींचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं येईल. सादरीकरणात मात्र ते चांगलं वाटीएवढं असतं, कारण आत ठळक अक्षरात आकडा मावला पाहिजे ना!

आता हेच आतून बाहेर मोजून बघू. पुढचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत, पण ते मोटरसायकलवरून फिरून दोन आठवड्यांत खरे-खोटे करता येतील. समजा, कोडोलीहून दिवसभरात जाऊन परत येता येईल अशा टापूत पंधरा-पंधरा गाईंचे चाळीस मुक्त गोठे निघाले. गाई झाल्या सहाशे. पहिल्या वर्षी तिसऱ्या हिश्श्याने पट्टा घेतला तर दोनशे पट्टे आणि चार लाख रुपये. पट्टा बसवून द्यायला, बंद पडला तर धावायला एक माणूस ठेवला, महिन्याला वीस हजारांनी, तर दोन लाख चाळीस हजार गेले. उरलेल्यात यंत्राची किंमत आणि पेट्रोल. भाकड दिवसाचा खर्च दीडशे रुपये धरला तर हुकलेला एक माज शेतकऱ्याला 3,150 रुपयांना पडतो. म्हणजे वर्षात एक माज जरी पट्ट्याने पकडून दिला तरी भाडं वसूल. धंदा उभा राहू शकतो, हे 66 कोटी सांगत नव्हते. ते या चार लाखांनी सांगितलं. आणि काय बिघडलंय तेही इथेच कळतं. चाळीस गोठ्यांतल्या दहांनी सहा महिन्यांत पट्टे काढून ठेवले, तर कारण त्या गोठ्यांवर जाऊन विचारता येतं. लाख कोटींतले दहा कोटी कमी झाले तर विचारायचं कुणाला?

पंचक्रोशीला हे गणित नवं नाही. कोडोलीच्या शेजारी वारणानगर. 1998 साली केंद्र सरकारच्या पाठबळाने तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा परिसरातली सत्तर गावं संगणकांनी जोडायची होती. बाजारभाव, शेतीचा सल्ला, आरोग्य, शिक्षण, सरकारी कागदपत्रं, सगळं गावातल्या केंद्रावर मिळणार होतं. गावाच्या माहितीची एकूण गरज, हे त्याचं मोठं वर्तुळ. त्यात चुकीचं काही नव्हतं, या गरजा खऱ्याच होत्या. पण काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे अभ्यासक आले तेव्हा केंद्रावरचं रोजचं काम मुख्यतः साखर कारखान्याशी निगडित होतं. शेतकऱ्याला हवं होतं ते एवढंच, की माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोड कधी मिळणार, खताचं काय झालं. त्या अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी मोबाईलचा एसएमएस वापरून पाहिला. संगणकावर होत होतं ते सगळं काम त्यावर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं. सत्तर गावांची स्वप्नं ज्या वर्तुळात मावत होती, त्यातली पदरात पडणारी गरज साध्या फोनच्या चार ओळींत मावली. आधी तीच मोजली असती तर संगणक केंद्रांचा विचार कदाचित शेवटी झाला असता.

यावर एक जोरकस आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. गुंतवणूकदार म्हणतो, माझ्या दहा गुंतवणुकींतल्या बहुतेक बुडणार, एखादीच तरणार. ती एक इतकी वाढली पाहिजे की बाकीच्यांचं नुकसान भरून निघेल. चार लाखांचा हिशेब घेऊन मी काय करू? बरोबर आहे. पण मग त्याने विचारायला हवं, की चाळीस गोठ्यांचे चार हजार कसे होतील? तालुक्यातालुक्यातून असा एकेक माणूस ठेवून? दूध संस्थांनी बिलातून भाडं कापून घेतलं तर? म्हशीचा मुका माज ओळखणारं यंत्र जमलं तर? यातल्या प्रत्येक ‘तर’ने वर्तुळ किती वाढतं, ते सांगता येतं. असं वाढलेलं वर्तुळ मोठं असलं तरी माझी तक्रार नाही. याक घालून फुगवलेल्या वर्तुळाबद्दल आहे.

दुसरा आक्षेप जास्त विद्वत्तेचा. नवी वस्तू स्वतःचा बाजार स्वतः तयार करते, तेव्हा आजची मोजणी उद्याला लागू पडत नाही. इथे उबरचा दाखला हमखास निघतो. 2014 साली न्यूयॉर्कचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी टॅक्सीचा जागतिक धंदा सुमारे शंभर अब्ज डॉलरचा धरून उबरची किंमत सहा अब्जांच्या आत काढली. उबरमध्ये पैसे घातलेले बिल गर्ली यांनी जाहीर उत्तर दिलं, की बाजारच लहान धरलाय, तो पंचवीस पटही असू शकतो. पुढे उबर केवढी झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गर्लींनी काय केलं ते बघा. त्यांनी टक्का नाही सांगितला. भाडं उतरलं, गाडी लवकर मिळाली, तर जी माणसं आज टॅक्सीने जातच नाहीत ती कुठल्या कारणासाठी जातील, हे त्यांनी एकेक करून मांडलं. वर्तुळ वाढवायचं तर ते वाढण्याची कारणं द्यावी लागतात. कोडोलीच्या पोराकडेही अशी कारणं असतील, किंबहुना असावीतच. पण शेळ्या-मेंढ्या मोजून ती सापडायची नाहीत.

‘अहो, त्या पानावर विश्वास ठेवतो कोण? रीत आहे म्हणून टाकतात,’ असंही म्हणणारे भेटतात. मग पुढच्या पानावरची पाच वर्षांची विक्री कुठून आली? किती माणसं नेमायची, किती पट्टे आगाऊ बनवायचे, कर्ज किती उचलायचं, हे त्याच एक टक्क्यावरून ठरलेलं असतं. न मानलेल्या आकड्यावरून मागवलेले पट्टे गोदामात पडून राहतात, आणि त्यांचं व्याज मात्र खरं असतं.

तेव्हा कोडोली, पन्हाळा, वारणेच्या काठावर कुणी तीन वर्तुळं घेऊन पैसे मागायला आलं, तर मोठ्या वर्तुळाकडे बघूही नका. त्याला चाळीस गोठ्यांची यादी मागा, गावासकट, आणि त्यातल्या पाच मालकांशी स्वतः बोला. यादी असेल तर चहा सांगा आणि पुढचं बोला. नसेल तर चहा सांगा आणि त्याला आधी गोठे फिरून यायला सांगा.