घडीतले वजाचिन्ह

जिंतूर तालुक्यातील एखाद्या शाळेत कोऱ्या प्रश्नपत्रिकेचे तिरपे छायाचित्र मोबाइलवर येऊन थडकते आणि त्याखाली ‘उत्तरसूची गुणविभागणी व कारणांसह सायंकाळपर्यंत रुजू करावी’ असे फर्मान असते, तेव्हा गणिताच्या गुरुजींना प्रथम गणिताचा नव्हे, तर पुरातत्त्वाचा आश्रय घ्यावा लागतो.

कागदाच्या घडीत एका वर्गसमीकरणाचे चिन्ह गडप झालेले असते: x² ▢ 5x + 6 = 0. तेथे अधिक वाचावे, तर मुळे −2 व −3 येतात, आणि चारही पर्यायांत त्यांचा मागमूस नसतो. वजा वाचावे, तर 2 व 3 हा पर्याय (अ) हजर असतो. म्हणून ‘बेरीज 5, गुणाकार 6’ एवढे कारण लिहून एक गुण द्यावा, आणि चिन्ह अनुमानित असल्याची नोंद समासात करून मूळ प्रत मागवावी.

उजवीकडचे गुण छायाचित्रकाराच्या अंगठ्याखाली गेले असले, तरी ‘कोणतेही दोन सोडवा, एकूण 4’ या मथळ्यावरून प्रत्येकी 2 ठरतात: मांडणीस 1, उत्तरास 1. मात्र पर्यायी प्रश्नही बेरजेत धरले, की 40 गुणांची पत्रिका 50 च्या पुढे जाते, आणि विद्यार्थ्यांपूर्वी उत्तरसूचीच विशेष प्रावीण्य मिळवते.

इतक्या सायासाने सिद्ध झालेल्या दस्तऐवजातील कारणांचा रकाना वरिष्ठ क्वचितच वाचतात. तो रिकामा असल्यास मात्र खुलासा तत्काळ मागवतात.