उंटावरून शेळ्या, पेणहून रोह्यापर्यंत

काय दिवस आले म्हणायचे! पेणच्या बाजारात पोह्याच्या पापडांच्या राशी लागलेल्या, आणि आपली माणसं दबक्या आवाजात विचारतात काय, तर "ती उंटाची पावडर आली का हो?" रोह्याच्या मेमूत दोन बायका शेजारी बसल्या की पूर्वी सुना निघायच्या. आता साखर निघते. उपाशीपोटी किती, जेवून किती, आणि मग आवाज आणखी खाली आणून, "आम्ही उंटिणीचं चालू केलंय." एखाद्या घरात लफडं निघाल्यासारखा तो स्वर! समोरची मात्र दचकत नाही. तिच्या पिशवीत तेच पाकीट असतं.

सांगा, पेण-रोह्याच्या पंचक्रोशीत कोणी सांडणी बांधलेली पाहिलीय? आपल्याला माहीत असलेले उंट अलिबागच्या नाहीतर काशिदच्या किनाऱ्यावर, झालरी लावून पर्यटकांना फिरवणारे. त्यातल्या एका उंटवाल्याकडे म्हणे आपल्यातलेच एक काका बरणी घेऊन गेले होते. उंटवाल्याने त्यांना उंटाच्या मागच्या बाजूला नेलं, आणि हा नर आहे हे काहीही न बोलता पटवून दिलं. खरंखोटं समुद्राला ठाऊक, पण बरणी कोणत्या काकांची यावर रोह्यात दोन तट आहेत.

तर दावा असा, की सांडणीच्या दुधात इन्सुलिन असतं. लिटरला तब्बल बावन्न युनिट! हा आकडा आता गणपतीच्या आरतीइतका पाठ आहे. पण तो तपासला कोणी? दुबईच्या प्रयोगशाळेत हे दूध मोजलं गेलं, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये साधारण ४० मायक्रोयुनिट इन्सुलिन निघालं. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. आता करा हिशोब. लिटरमध्ये हजार मिलिलिटर, म्हणजे चाळीस हजार मायक्रोयुनिट, म्हणजे ०.०४ युनिट. बावन्न कुठे आणि शून्य पूर्णांक चार शतांश कुठे! वाटेत कुठेतरी 'मायक्रो' गळाला, 'मिलिलिटर'चा 'लिटर' झाला, आणि हजारपट फुगलेला आकडा घरोघरी पोचला. रोज २० युनिट टोचणाऱ्या माणसाला तेवढं इन्सुलिन या दुधातून हवं असेल, तर दिवसाला ५०० लिटर प्यावं लागेल. गच्चीवरच्या टाकीला थेट नळी लावा आणि चालू करा. आणि हो, गाईच्या दुधातही इन्सुलिन असतंच, मिलिलिटरला सोळाच्या आसपास मायक्रोयुनिट. तिची मात्र कोणी आरती ओवाळत नाही.

बरं, प्यायलंही ५०० लिटर, तरी पोट काय करणार? इन्सुलिन हे प्रथिन. मासा जसा पचतो तसंच तेही पचतं. म्हणून तर १९२१ मध्ये शोध लागल्यापासून आजवर बहुतेक लोक ते टोचूनच घेतात, नाहीतर कोणाला हौस आहे सुयांची? यावर भक्तांचं उत्तर तयार, "उंटिणीचं दूध पोटात फाटत नाही, म्हणून इन्सुलिन निसटून रक्तात जातं." ऐकायला झकास! माणसाच्या पोटातून ते असं शाबूत निसटून रक्तात पोचतं, हे दाखवल्याशिवाय झकासच राहणार. काहींची भक्ती तर याहून पुढची. उकळलं की इन्सुलिन मरतं म्हणून ते कच्चंच पितात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, उंटिणीच्या आणि बकरीच्याही. ताप चढतो-उतरतो, सांधे धरतात, आठवडेच्या आठवडे निदान लागत नाही. साखरेवर इलाज करायला जाऊन माणूस सांधे धरून बसायचा.

आता धूर दिसला म्हणजे कुठेतरी ठिणगी असणारच. ती आहे बिकानेरला. तिथे उंटांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयही. त्या महाविद्यालयाच्या डॉ. आर. पी. अग्रवाल यांच्या गटाने टाइप वनच्या, म्हणजे ज्यांना इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही अशा २४ रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये छापून आला. बाराजणांचे नेहमीचे उपचार, बाराजणांना त्याच उपचारांवर रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध. दूधवाल्यांचं इन्सुलिन सरासरी साडेबत्तीस युनिटांवरून साडेसतरावर आलं, आणि तिघांचं तर शून्यावर. वाचून आपणही टाळी दिली असती. मग हळूच विचारलं असतं, दुसऱ्या बाराजणांना अर्धा लिटर गाईचं दूध का नाही दिलं? कोण काय पितंय हे सगळ्यांना माहीत असताना आहार सांभाळायचा उत्साह कोणाला जास्त आला असेल? आणि बारा माणसं म्हणजे किती? आपल्याकडे बारशाला याहून जास्त जमतात.

पुढे इराणमध्ये टाइप टूच्या वीस रुग्णांना दोन गटांत वाटून उंटिणीचं आणि गाईचं दूध दोन महिने समोरासमोर दिलं गेलं. उंटिणीच्या गटात शरीरातलं इन्सुलिन वाढलेलं दिसलं, पण उपाशीपोटीच्या साखरेत दोन गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढी उलाढाल, तोच हलला नाही. वीस माणसंही थोडीच, कबूल. पण मग बारांवर जयघोष करणाऱ्यांनी विसांवर गप्प का बसावं?

याच बिकानेरच्या मंडळींनी २००७ मध्ये सांगितलं, की उंटिणीचं दूध पिणाऱ्या रायका समाजात मधुमेह सापडलाच नाही. शून्य! ही बातमी आपल्याकडे दुधासकट पोचली, रायकांच्या पायांशिवाय. ते लोक उंटांच्या कळपामागे रानोमाळ चालतात हो! आणि आपण? पेण स्टेशन ते बाजारपेठ एवढ्यासाठी रिक्षा, आणि घरी आल्यावर दमलो म्हणून चहा. त्या चहात पावडर टाकली की आपण रायका.

पावडरीचा हिशोबही ऐका. बिकानेरचा अर्धा लिटर करायला पन्नास-साठ ग्रॅम पावडर लागते. आपण वीस ग्रॅमचं पाकीट फाडतो, आणि तेही नवऱ्याबरोबर अर्धं अर्धं. अमूलने जानेवारी २०१९ मध्ये कच्छचं उंटिणीचं दूध बाजारात आणलं तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली पन्नास रुपयांना होती. पावडरीचे भाव किलोला हजारांत. बरं, या दुधात साखर नसते अशीही एक गोड समजूत आहे. अर्ध्या लिटरमध्ये वीसएक ग्रॅम दुग्धशर्करा असते, जवळपास गाईच्या दुधाइतकीच. साध्या, बिनसाखरेच्या गाईच्या दुधाने मधुमेह बळावतो असं मोठ्या पाहण्यांतून दिसलेलं नाही. लहानपणी गाईचं प्रथिन पोटात गेल्याने टाइप वन होतो का, हेसुद्धा पंधरा देशांतल्या दोन हजारांहून जास्त बाळांवर तपासलं गेलं. प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं दूध दिलं तरी मधुमेह कमी झाला नाही, हा निकाल २०१८ चा. बिचारी गाय निर्दोष सुटली, पण बातमी कोणी दिली नाही.

उंट झाला, आता शेळी. रोह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांवर बकऱ्या पाळणाऱ्या बायांना एकदम भाव आलाय. डेंग्यूची साथ आली की बकरीचं दूध, अंगावर पित्त उठलं की बकरीचं दूध, नातवाला गाईचं दूध सोसत नाही, बकरीचं दूध! वर दाखला कोणाचा, तर साक्षात गांधीजींचा. ते तर आपल्याच माथेरानला हवापालटासाठी येऊन गेलेले, पण तिथलं जड पाणी त्यांना सोसलं नाही. त्यांनी १९१९ मध्ये बकरीचं दूध धरलं ते गाई-म्हशीचं न पिण्याचं व्रत होतं म्हणून, आणि पळवाट सुचवली कस्तुरबांनी. त्यात ॲलर्जी कुठून आली?

आणि खरी गंमत पुढेच आहे. गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या २६ मुलांना इटलीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली बकरीचं दूध देऊन पाहिलं. २४ जणांना त्रास झाला. कारण गाईचं आणि बकरीचं केसिन जवळजवळ सारखंच, शरीराला दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. उलट सांडणीच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे गाईतलं ॲलर्जीवालं प्रथिन नसतंच आणि केसिनही वेगळं. कतारमध्ये अशाच ३८ मुलांची त्वचाचाचणी झाली. बकरीच्या दुधाला ६३ टक्क्यांची कातडी उठली, उंटिणीच्या दुधाला १८ टक्क्यांची. म्हणजे उंटाचं जरा बरं नाव निघतं ते ॲलर्जीत, आणि आपण त्याला धरलं साखरेसाठी. बकरी ॲलर्जीतच सगळ्यात आधी नापास, आणि तिला बसवलं नातवाच्या उशाशी! इतकं अचूक उलटं धरायलाही प्रतिभा लागते. आता यावरून कोणी लगेच बाळाला पावडर कालवू नका. शंभरातली अठरा मुलं म्हणजे काही थोडी नव्हेत, पहिला घोट डॉक्टरांसमोर. शिवाय काही पाकिटांत उंटाच्या चित्रामागे गाईच्या दुधाची पावडर मिसळलेली असते. मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावावा लागतो, पण चित्र कसं लांबूनही दिसतं.

आपल्यातल्या निम्म्यांना ॲलर्जी नसतेच, हे आणखी वेगळं. दूध प्यायल्यावर मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, घरघर, तर ती ॲलर्जी, आणि तिथे थेंबही भारी पडतो. काही तासांनी गुडगुड, गॅस, पातळ शौचास, आणि तेही पेलाभर प्यायल्यावर, तर दुग्धशर्करा पचत नाही एवढंच. ती शर्करा तिन्ही दुधांत आहे, बकरीत थोडी कमी. आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, "मला दूध चालतच नाही" म्हणून बकरीचं मागवतात आणि कोजागिरीला आटवलेल्या मसाला दुधाचे तीन पेले रिचवतात. विचारलं तर म्हणतात, "त्यात केशर असतं ना!"

एका जागी मात्र हसू आवरायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला आजी नुसतं बकरीचं दूध पाजते, ते हलकं म्हणून. बकरीच्या दुधात फोलेट गाईच्या दुधाच्याही साधारण पाचव्या हिश्शाइतकंच. तेवढ्यावर वाढलेली बाळं पांढरीफटक पडतात. जर्मन डॉक्टरांनी शंभरएक वर्षांपूर्वीच याला 'बकरीच्या दुधाचा ॲनिमिया' असं नाव देऊन ठेवलंय. आणि इन्सुलिन टोचणाऱ्याने पाकीट आलं म्हणून सुई ठेवून दिली, तर टाइप वनमध्ये दोन-चार दिवसांत रुग्णालय गाठावं लागतं. बिकानेरच्या त्या बाराजणांनी स्वतःहून काही सोडलं नव्हतं. साखर मोजून डॉक्टर एकेक युनिट खाली आणत होते.

बाकी चालू द्या. उंटिणीचं दूध जरा खारट लागतं, हे तुम्हाला कसं कळलं ते आम्ही विचारत नाही, आम्हाला कसं कळलं ते तुम्ही विचारू नका. तसंही उंट आता जुना झाला. मराठवाड्यात गाढविणीचं दूध दारोदार चमच्याने विकतात, लिटरला दहा हजारांचा भाव सांगतात. परवा मेमूत पेण सुटलं न सुटलं तोच एक मावशी पुढे सरकल्या आणि कुजबुजल्या, "कोणाकडे नंबर आहे का गं?" डब्यातल्या चौघींनी एकदमच फोन काढले.