टक्क्यांआड लपलेलं गणित

निकाल लागला की केनवडच्या फाट्यावर एकच प्रश्न. किती टक्के?

ऐंशीच्या वर असले की दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. सायन्स!

जरा थांबा. आधी गुणपत्रिका ओळीओळीनं वाचा.

समजा, मराठी ८८, हिंदी ८६, इंग्रजी ७९, सामाजिक शास्त्रं ९०, विज्ञान ६८ आणि गणित ४९. बोर्ड सहापैकी उत्तम पाच विषय धरतं. बेरीज ४११, म्हणजे ८२.२ टक्के. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर आणखी ७ गुण. झाले ८३.६. पेढे वाटले गेले.

त्या ८३.६ मध्ये गणित कुठाय? कुठेच नाही.

त्या ४९ मध्येही शाळेच्या हातातले २० गुण आहेत. त्यातले १९ मिळाले असतील, तर ८० च्या लेखी पेपरात पोरानं मिळवले ३०. हा आकडा बाबांनी शाळेत जाऊन विचारला का?

"मग गणित सोडू, बायो घेऊ." हा आपल्याकडचा आवडता तोडगा. पण बायोवाल्याला फिजिक्स सुटत नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच सदिश आणि कॅल्क्युलस येऊन बसतं. नीटच्या ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचेच.

गणित दारातून काढलं, खिडकीतून आत आलं.

डिप्लोमा? वाशिमला शासकीय तंत्रनिकेतन आहे, चांगला रस्ता आहे. पण तिथंही पहिल्याच वर्षी गणित आहे. हाताला काम आवडत असेल तर रिसोडचं आयटीआय बघा. आणि सामाजिक शास्त्रांत ९० मिळवणाऱ्या पोरीला आर्ट्स सुचवलं की घरात सुतक का पडतं? स्पर्धा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पाच वर्षांच्या लॉला आर्ट्सची बारावी चालते. हे ठाऊक असूनही आपण गप्प बसतो, कारण शेजारच्याचा पोरगा लातूरला गेलाय.

आता फॉर्म. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिला क्रमांक बहुतेक घरांत कोण ठरवतं? ऑनलाइन सेंटरवर बसलेला पोरगा.

नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. कॉलेजासोबत शाखाही त्याच ओळीत ठरते.

तेव्हा सेंटरवर जायच्या आधी एक संध्याकाळ काढा. दहावीचीच वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमितीची पाच उदाहरणं पोराला एकट्याला सोडवू द्या. गाइड नाही, मोबाइल नाही. अडलं तरी तो झटत राहिला, तर सायन्स पहिल्या क्रमांकावर खुशाल टाका. दुसऱ्याच उदाहरणाला वही मिटली, तर दुसरी शाखा वर घ्या.